सोमवारची फाइल आली, पण कोणत्या आठवड्याची?

सोमवारी साडेनऊला मीटिंग, आणि मीटिंगला मागच्या आठवड्याचे आकडे हवेत. बिस्किटं, साबण, चहा असा माल दुकानांना पुरवणाऱ्या कुठल्याही वितरकाकडे हे चित्र सारखंच असतं. असंच एक ऑफिस घेऊ. मुख्य डेपो कोल्हापूरला, आणखी दोन सांगलीला आणि साताऱ्याला. सेल्समन दुकानांतून ऑर्डर घेतात, प्रत्येक डेपोचा माणूस त्या एका सामाईक गूगल शीटमध्ये भरतो. तारीख, डेपो, दुकान, रक्कम, अशा चार रकान्यांची साधी शीट. सोमवारी सकाळी ऑफिसातलं कोणीतरी लवकर येतं, शीट उघडतं, मागचा आठवडा निवडतं, बेरजा मारतं, फाइल बनवतं आणि टीमच्या सामाईक ईमेलवर पाठवतं. ते कोणीतरी रजेवर गेलं की मीटिंगची सुरुवात "सांगलीचं आलं का?" या फोनाने होते.

हे काम आपोआप करून घेणं आज अजिबात अवघड नाही. गूगल शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूत अ‍ॅप्स स्क्रिप्ट नावाची सोय आहे. तिथे वीस-तीस ओळींचा कोड लिहिला आणि त्याला वेळ लावून दिली, की तो गूगलच्या यंत्रांवर चालतो. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद असो की वीज गेलेली असो, त्याला फरक पडत नाही. विंडोजमधलं टास्क शेड्युलर हे काम करतं, पण तो कॉम्प्युटर सोमवारी सकाळी चालू असावा लागतो. वेळ चुकली तर यंत्र सुरू झाल्यावर लगेच काम करायचं, असा पर्याय त्यात आहे, मात्र तो आपण निवडावा लागतो. आपल्या वितरकाला शीटमधली सोयच बरी.

वेळ लावायचा कोड असा:

```javascript
function setTrigger() {
  ScriptApp.getProjectTriggers()
    .forEach(t => ScriptApp.deleteTrigger(t));
  ScriptApp.newTrigger('sendReport')
    .timeBased()
    .onWeekDay(ScriptApp.WeekDay.MONDAY)
    .atHour(7)
    .inTimezone('Asia/Kolkata')
    .create();
}
```

हा कोड एकदाच चालवायचा. त्यानंतर दर सोमवारी `sendReport` नावाचं मुख्य काम सुरू होतं. पहिल्या दोन ओळी आधीचे सगळे ट्रिगर पुसून टाकतात. त्या नसतील आणि कोणी हे फंक्शन पुन्हा चालवलं, तर ट्रिगर दोन होतात आणि सोमवारी एकच फाइल दोनदा येते. टीमला मग वाटतं की दुसरी फाइल सुधारलेली असणार, आणि दोन्ही उघडून फरक शोधण्यात अर्धा तास जातो.

`atHour(7)` म्हणजे ठोक सात नव्हे. सात ते आठच्या दरम्यान गूगलला सोयीची वाटेल ती वेळ. मीटिंग साडेनऊला असेल तर हे चालतं. नऊला फाइल हवी म्हणून `atHour(9)` लिहिलं, तर ती नऊ पंचावन्नलाही येऊ शकते. मीटिंगच्या आधी निदान दीड तास मोकळा ठेवावा, कारण फाइलमध्ये काही खटकलं तर डेपोला फोन करायला वेळ हवा.

वेळ लावण्याचं काम इथे संपलं. खरी डोकेदुखी पुढे आहे, कारण ट्रिगरला फक्त धावता येतं. तो ठरल्या वेळी जे शीटमध्ये दिसेल ते उचलतो आणि पाठवतो. फाइल न येणं हा त्यातल्या त्यात बरा बिघाड. फाइल वेळेवर येते, नीट उघडते, बेरजाही जुळतात, पण आकडे भलत्याच आठवड्याचे किंवा अर्धेच असतात, हा वाईट बिघाड. हाताने अहवाल करणारा माणूस आकडा वाचता वाचता "एवढा कमी कसा?" म्हणून थांबतो. कोड थांबत नाही. म्हणून त्या माणसाच्या डोक्यात जे होतं, ते एकेक करून कोडमध्ये उतरवावं लागतं.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे आठवडा कशाला म्हणायचं. सहज सुचतं ते असं: आत्तापासून मागचे सात दिवस. पण ट्रिगर एका सोमवारी 7:12 ला चालला आणि ऑफिसने कोड पुन्हा बसवल्यावर पुढच्या सोमवारी 7:40 ला, तर मधली अठ्ठावीस मिनिटं कुठल्याच आठवड्यात येत नाहीत. उलट झालं तर तेवढ्या वेळातल्या ऑर्डरी दोन्ही आठवड्यांत मोजल्या जातात. शीटमध्ये नुसती तारीख असेल तर गोंधळ वेगळा: तारखेमागे शीट मध्यरात्रीची वेळ धरते, त्यामुळे मागच्या सोमवारच्या सगळ्या ऑर्डरी सात दिवसांच्या हिशोबातून गळतात आणि आजच्या सोमवारी कोणी सकाळी सहाला भरलेली ऑर्डर आत शिरते. म्हणून सीमा मध्यरात्रीवर ठेवायची. सोमवार 00:00 पासून पुढच्या सोमवारच्या 00:00 च्या आधीपर्यंत, म्हणजे सोमवार ते रविवार पूर्ण.

```javascript
const to = new Date();
to.setHours(0, 0, 0, 0);
to.setDate(to.getDate() - (to.getDay() + 6) % 7);
const from = new Date(to);
from.setDate(from.getDate() - 7);
```

तिसरी ओळ जरा विचित्र दिसते, पण तिच्यामुळे मोठी सोय होते. आज कुठलाही वार असो, ती सगळ्यात जवळच्या मागच्या सोमवारवर जाऊन थांबते. जावास्क्रिप्टमध्ये रविवार 0, सोमवार 1 असे वार मोजतात. सोमवारी 1 आणि 6 मिळून 7, त्याला सातने भागून बाकी शून्य, म्हणजे तारीख आहे तिथेच राहते. बुधवारी 3 आणि 6 मिळून 9, बाकी 2, म्हणजे दोन दिवस मागे. त्यामुळे सोमवारी काही कारणाने फाइल गेली नाही आणि कोणी बुधवारी हाताने कोड चालवला, तरी फाइल त्याच आठवड्याची निघते. `from` ची ऑर्डर घ्यायची आणि `to` ची घ्यायची नाही, एवढं पुढच्या कोडमध्ये सांभाळलं की दोन आठवड्यांच्या शिवणीत काही सांडत नाही.

आता 9 जून 2025 चा सोमवार घेऊन हे चालवून पाहू. फाइल 2 जून ते 8 जून या आठवड्याची हवी. कोड चालतो, फाइल येते, आणि तिच्यात फक्त एका दिवसाच्या ऑर्डरी असतात, 6 जूनच्या. बाकीचे सहा दिवस कोरे. शीटमध्ये पाहावं तर सगळ्या ऑर्डरी आहेत.

शीटच्या सेटिंग्जमध्ये लोकॅल नावाचा एक पर्याय असतो, फाइल मेनूतून सेटिंग्जमध्ये गेलं की दिसतो. तो युनायटेड स्टेट्स राहिला असेल तर शीट तारखा अमेरिकन पद्धतीने वाचते, आधी महिना आणि मग दिवस. डेपोतल्या माणसाने 02/06/2025 लिहिलं, शीटने ते 6 फेब्रुवारी समजून घेतलं. 03/06 म्हणजे 6 मार्च झालं, 08/06 म्हणजे 6 ऑगस्ट. 06/06 तेवढं दोन्हीकडून सारखं, म्हणून फक्त शुक्रवारच्या ऑर्डरी वाचल्या. कोणालाही शंका आली नाही, कारण सेलमध्ये लिहिलेलं जसंच्या तसं दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात हाच घोळ वेगळा चेहरा घेऊन येतो. 13/06/2025 ला अमेरिकन पद्धतीने अर्थच नाही, तेरावा महिना कुठून आणणार? शीट मग ती तारीख मानतच नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवते. डोळ्यांनी ओळखायची खूण आहे: काही फॉरमॅट केलेलं नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, अक्षरं डाव्या कडेला. रकाना वरून खाली पाहताना कडा मधेच बदलली, तर तिथे गडबड आहे. कोडमध्ये हीच तपासणी `instanceof Date` ने होते. ज्या ओळीतली तारीख खरी तारीख नाही तिला गुपचूप वगळायचं नाही, मोजायचं. "तारीख न वाचता आलेल्या ओळी: 14" एवढं वाक्य मेलमध्ये दिसलं की काम भागतं. भविष्यातल्या तारखांसाठीही तसंच. जूनमध्ये 6 ऑगस्टची ऑर्डर कुठून येणार? उपाय दोन मिनिटांचा: लोकॅल इंडिया करायचं आणि तारखेच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावायचं, म्हणजे सेलवर दोनदा क्लिक केलं की कॅलेंडर उघडतं आणि टाइप करायची गरजच उरत नाही. आधी चुकीच्या बसलेल्या तारखा मात्र लोकॅल बदलल्याने सुधारत नाहीत. 6 फेब्रुवारी म्हणून साठलेली तारीख 6 फेब्रुवारीच राहते, फक्त आता 06/02 अशी दिसू लागते. त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

दुसरा घोळ घड्याळांचा. शीटचा टाइम झोन वेगळा आणि स्क्रिप्टचा वेगळा, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. शीटचा फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये, तर स्क्रिप्टचा तिच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये. स्क्रिप्टचा टाइम झोन न्यूयॉर्कवर राहून गेलेली ऑफिसं मी पाहिली आहेत. वर ट्रिगरला `inTimezone('Asia/Kolkata')` सांगितलं असल्याने कोड सोमवारी सकाळी सात-साडेसातलाच चालतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण आत शिरल्यावर `new Date()` न्यूयॉर्कच्या घड्याळाने विचार करतो. आपल्याकडे 9 जूनचे सकाळचे 7:10 वाजलेले असतात तेव्हा तिथे 8 जूनची रात्रीची 9:40 असते, म्हणजे रविवार. जवळचा मागचा सोमवार शोधणारी आपली हुशार ओळ रविवारवरून सहा दिवस मागे जाते, 2 जूनवर थांबते आणि 26 मे ते 1 जून या आठवड्याची फाइल बनवते. दर सोमवारी बिनचूक एक आठवडा शिळी फाइल. आकडे खरे, बेरजा बरोबर, कोणाला पत्ता नाही.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हाच सापळा क्रॉनमध्ये भेटतो. ठरल्या वेळी काम सुरू करणारा हा प्रोग्राम 1979 मधल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होता आणि आजही असंख्य सर्व्हरवर आहे. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. सोमवारी पहाटे पाचला फाइल हवी असेल तर तिथे रविवारची रात्र साडेअकरा असते. त्यामुळे क्रॉनमध्ये सोमवार नव्हे, रविवार लिहावा लागतो:

```
30 23 * * 0 /home/report/run.sh
```

मिनिट, तास, तारीख, महिना, वार असा तो क्रम, आणि 0 म्हणजे रविवार. तिथे 1 लिहिलं तर फाइल मंगळवारी पहाटे येते आणि सोमवारची मीटिंग कोरडी जाते. सकाळी सातची फाइल हवी असती तर हा वाराचा प्रश्न आलाच नसता, कारण आपले सात म्हणजे यूटीसीचा सोमवारचाच दीड. साडेपाचच्या आधी आणि नंतर, एवढाच फरक.

तारखा आणि घड्याळं हे तांत्रिक प्रश्न, एकदा सुटले की सुटतात. तिसरा प्रश्न ऑफिसच्या सवयींचा आहे आणि तो कोडने पूर्ण सुटत नाही. सांगली डेपोचा माणूस शनिवारी दुपारी घरी लवकर गेला. त्या दिवशीच्या 11 ऑर्डरी, एकूण 46,300 रुपयांच्या, त्याने सोमवारी दुपारी बाराला शीटमध्ये भरल्या. तारीख प्रामाणिकपणे 7 जून टाकली. सोमवारी सकाळच्या फाइलमध्ये त्या नाहीत, कारण तेव्हा भरल्याच नव्हत्या. पुढच्या सोमवारच्या फाइलमध्येही नाहीत, कारण ती 9 ते 15 जूनची. म्हणजे त्या अकरा ऑर्डरी कुठल्याच सोमवारच्या फाइलमध्ये कधीच येणार नाहीत. महिनाअखेरीस अकाउंटंटचा आकडा आणि चार फाइलींची बेरीज जुळत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

यावर कोणी सुचवतं की ऑर्डरच्या तारखेऐवजी भरल्याच्या तारखेवर आठवडा काढा. मग काहीच हरवत नाही, हे खरं. पण शनिवारची विक्री पुढच्या आठवड्यात दिसते, आणि सेल्समनच्या टार्गेटचा हिशोब त्यावर असेल तर भांडण अटळ. मला दुसरी वाट जास्त पटते. प्रत्येक फाइलमध्ये दोन आठवडे द्यायचे: ताजा आठवडा, आणि त्याच्या आधीचा आठवडा आजच्या घडीला जसा दिसतो तसा. त्यासाठी कोडने पाठवलेली एकूण रक्कम आणि ऑर्डरींची संख्या दर सोमवारी वेगळ्या टॅबमध्ये एका ओळीत नोंदवून ठेवायची. 9 जूनला कोल्हापूरच्या 182, सांगलीच्या 96 आणि साताऱ्याच्या 71, अशा 349 ऑर्डरी गेल्या, रक्कम 13,69,600 रुपये. 16 जूनच्या फाइलमध्ये नव्या आठवड्याखाली एक ओळ येते: 2 ते 8 जून, तेव्हा 349 ऑर्डरी, आता 360, रक्कम आता 14,15,900 रुपये, फरक 46,300, सगळा सांगलीचा. अकरा ऑर्डरी सापडल्या, आणि त्या उशिरा कोणी भरल्या हेही वेगळं बोलावं लागलं नाही.

याच कारणासाठी मेलमध्ये शीटची लिंक पाठवण्यापेक्षा फाइल जोडलेली बरी. लिंक उघडली की आत्ताचं दिसतं. साडेनऊला मालकांनी पाहिलेला आकडा आणि अकराला मॅनेजरने पाहिलेला आकडा वेगळा निघतो आणि मीटिंगमध्ये ठरलेलं कशावर ठरलं हे सांगता येत नाही. फाइल सोमवारच्या सकाळी होती तशीच राहते. लिंक हवीच असेल तर फाइलखाली द्यावी.

फाइल कुठल्या प्रकारची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. टीमला एक्सेलमध्ये उघडून चाळता यायला हवी म्हणून बहुतेक जण सीएसव्ही निवडतात. साधी अक्षरांची फाइल, मध्ये स्वल्पविराम. आपल्या वितरकाच्या शीटमध्ये दुकानांची नावं मराठीत आहेत. पहिल्या सोमवारी फाइल उघडल्यावर एक्सेलमध्ये प्रत्येक दुकानाच्या जागी `à¤¶à¥` असली भुतावळ दिसते. फाइल खराब नसते. एक्सेलला कोणी सांगितलेलं नसतं की आतली अक्षरं यूटीएफ-8 मध्ये आहेत, म्हणून तो आपल्या जुन्या सवयीने वाचतो. फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह घातलं की तो समजतो:

```javascript
const file = Utilities.newBlob(
  '\uFEFF' + csv, 'text/csv', name);
```

ते `\uFEFF` म्हणजे ते चिन्ह. दुकानाच्या नावात स्वल्पविराम असेल, "शिंदे स्टोअर्स, गुजरी" असा, तर ते नाव दुहेरी अवतरणात घालायचं, नाहीतर गुजरी रकमेच्या रकान्यात जाऊन बसते आणि त्या ओळीची रक्कम बेरजेतून जाते.

फाइलच्या नावात आठवडा असलाच पाहिजे: `orders_2025-06-02_to_2025-06-08.csv`. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. नाव कोडमधल्या `from` आणि `to` वरूनच बनवायचं. न्यूयॉर्कच्या घड्याळाने शिळी फाइल बनवली तर नावातच 26 मे दिसेल आणि पहिल्याच सोमवारी पकडली जाईल. `report_latest.csv` अशा नावाने हे कधीच पकडलं जात नाही, आणि तरी ते नाव मला ऑफिसाऑफिसांत भेटतं.

मेलचा विषय आणि मजकूर यांवर थोडा वेळ घालवावा, कारण बरेच जण फाइल उघडतच नाहीत. फोनवर विषय वाचतात, वरच्या चार ओळी वाचतात. म्हणून आठवडा आणि एकूण रक्कम विषयातच, आणि मजकुरात प्रत्येक डेपोसमोर ऑर्डरी, रक्कम आणि शेवटच्या ऑर्डरची तारीख. त्या 9 जूनच्या मेलमध्ये कोल्हापूर आणि साताऱ्यासमोर शेवटची ऑर्डर 7 जून आहे, सांगलीसमोर 6 जून. शनिवारी तिन्ही डेपो चालू असतात हे ठाऊक असलेल्या मॅनेजरला 7:40 लाच कळतं की सांगलीचा शनिवार भरायचा राहिला आहे, आणि मीटिंगच्या आधी तो फोन करतो. कोडमध्येही ही अट घालता येते: कुठल्याही डेपोची शेवटची ऑर्डर शनिवारच्या आधीची असेल, किंवा तारीख न वाचता आलेली एक जरी ओळ असेल, तर विषयाच्या सुरुवातीला "अपूर्ण" लिहायचं. मेल थांबवायचा नाही. सणाच्या शनिवारी डेपो बंद असतो तेव्हा "अपूर्ण" उगाच लागेल, पण ते वाचून सोडून देणारा माणूस टीममध्ये असतोच.

टीमच्या इनबॉक्ससाठी गूगल ग्रुपचा पत्ता सोयीचा. माणसं आली-गेली तरी कोड बदलावा लागत नाही, ग्रुपची यादी बदलते. फक्त ग्रुपच्या सेटिंगमध्ये पाठवणाऱ्या अकाउंटला परवानगी आहे ना, हे पाहावं, नाहीतर मेल मॉडरेटरच्या मंजुरीसाठी अडकून राहतो आणि तो मॉडरेटर कोण हे कोणालाच आठवत नसतं. साध्या जीमेल अकाउंटवरून स्क्रिप्टला दिवसाला 100 पत्त्यांपर्यंतच मेल पाठवता येतात, आणि एका वेळी कोड सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. आठवड्याच्या तीनशे-चारशे ऑर्डरींना यातलं काहीच आड येत नाही. शीटमध्ये काही वर्षांच्या लाखभर ओळी साठल्या आणि कोड एकेक सेल वाचत बसला तर सहा मिनिटं संपतात. सगळा रकाना एका `getValues()` ने उचलला तर तेच काम काही सेकंदांत होतं.

राहिला शेवटचा प्रश्न: फाइल आलीच नाही तर कोणाला कळणार? ट्रिगर ज्याच्या अकाउंटवरून लावला त्याच्याच अधिकारात चालतो, आणि बिघाडाची सूचनाही त्यालाच जाते. ती सूचना आपण काही बदललं नाही तर दिवसाच्या गोषवाऱ्यात येते, म्हणजे सोमवारी सात वाजता फसलेलं काम कळेपर्यंत मीटिंग उरकलेली असते. ट्रिगरच्या पानावर ती "लगेच" करून ठेवावी. पण ज्या हुशार मुलाने हे सगळं बसवलं तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं ऑफिसचं अकाउंट बंद झालं, तर ट्रिगरही थांबतो आणि सूचना ज्या इनबॉक्सात जायची तोच राहत नाही. पूर्ण शांतता. म्हणून ट्रिगर ऑफिसच्या सामाईक अकाउंटवरून लावायचा, ज्याचा पासवर्ड मालक आणि अकाउंटंट दोघांकडे आहे.

त्यावर एक साधी जोड लागते. न आलेल्या मेलची आठवण मेल करून देता येत नाही, ती दुसरीकडून यावी लागते. मॅनेजरच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये दर सोमवारी सव्वाआठची नोंद ठेवायची: "ऑर्डरची फाइल आली का? विषयात कालच्या रविवारची तारीख आहे का?" आली नसेल तर स्क्रिप्टमध्ये एक्झिक्यूशन्स नावाचं पान उघडायचं. प्रत्येक वेळी कोड कधी सुरू झाला, किती वेळ चालला, पूर्ण झाला की फसला, हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. सोमवारची ओळच नसेल तर ट्रिगर गेला. ओळ आहे आणि लाल आहे तर तिच्यावर क्लिक केल्यावर कोडच्या कितव्या ओळीत काय अडलं ते दिसतं. बहुतेक वेळा कोणीतरी टॅबचं नाव बदललेलं असतं किंवा नवा रकाना मधेच घातलेला असतो. काम पूर्ण झालेलं दिसूनही मेल नसेल तर ग्रुपचं मॉडरेशन किंवा स्पॅम पाहायचं. तोवर `sendReport` हाताने चालवली की फाइल निघते, आणि आठवडा आपण मध्यरात्रीला बांधलेला असल्याने ती सोमवारी सव्वाआठला चालवली काय किंवा मंगळवारी दुपारी, 2 ते 8 जूनचीच राहते.